बोनसची उलट नोंद

मी सत्तरच्या दशकात बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिलाच पदवीधर. रहिमतपूरच्या शाळेतून सांगलीच्या कॉलेजात आलो आणि पदवी हातात पडताच सांगलीतल्या एका कारखान्याच्या हेड ऑफिसात चिकटलो. तिथल्या जुन्या अकाउंटंटसाहेबांनी मला समोर बसवून एकेक नोंद शिकवली. कॉलेजात जे पाठ केलं होतं ते त्यांच्या टेबलाशी कळलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. उलट नोंदही त्यांनीच शिकवली.

पुढे मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. आमच्या कारखान्याचं एक युनिट साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत होतं. तिथला हिशेब बघणारा माणूस मी शिकवलेला. पहिली काही वर्षं पत्रांतून, मग फोनवरून, शेवटी कॉम्प्युटर आल्यावर ईमेलवरून. दर एक एप्रिलला बोनसची उलट नोंद तोच टाकायचा आणि मला फोन करून सांगायचा, "सर, उलटवला गड्याला." हे आमचं ठरलेलं होतं.

एका डिसेंबरात तो कामावर येताना गेला. रस्त्यात छातीत कळ आली, एवढंच. मी अंत्यविधीला गेलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. दुसऱ्या दिवशी बँकेचा ताळमेळ घेतला. तो जुळला. ते दिवस मला आता असेच आठवतात, सपाट.

फेब्रुवारीत कंपनीने त्याच्या बायकोला त्याच्याच जागी कामावर घेतलं. बारावी कॉमर्स, लग्नाआधी एका पतसंस्थेत काम केलेलं. ती त्याच्याच टेबलावर बसू लागली. फोन उचलून "सातारा युनिट" म्हणायची, त्याच्यासारखंच. मी कामाचं तेवढं बोलायचो. तीही तेवढंच बोलायची.

ती नवीन म्हणून त्या वर्षी उलट नोंद मीच सांगलीहून टाकली. मेच्या सुरुवातीला तिचा फोन आला.

"सर, सगळ्या खात्यांच्या बाक्या मांडून एप्रिलची तेरीज काढली. बोनस खात्याला उलटी रक्कम आलीय. खर्चाचं खातं, आणि जमा दिसतंय."

"हो. मी टाकलीय ती."

"म्हंजे मागच्या वर्षीचा बोनस रद्द झाला?"

"नाही हो."

ती आवाज खाली करून म्हणाली, "सर, मेल करा. इथं सगळे बसलेत. दीर रोज विचारतायत, थोरलीच्या कॉलेजची फी ह्यांच्या बोनसवर धरलीय. मला नीट समजलं तर मी त्यांना नीट सांगीन."

तेव्हा आमच्या कॉम्प्युटरवर देवनागरी नव्हती. मी मराठीच लिहिली, पण इंग्रजी अक्षरांत. लिहिलं ते साधारण असं होतं:

"बोनस दिवाळीला देतो, पण तो कमावला मागच्या वर्षात. म्हणून एकतीस मार्चला आपण तो खर्चात धरला आणि तेवढंच देणं दाखवलं. समजा, शंभर रुपये. एक एप्रिलला हीच नोंद उलटी केली. देणं नावे टाकून मिटवलं, खर्चाच्या खात्याला शंभर जमा केले. म्हणून तुम्हाला ते खातं उलटं दिसतंय. दिवाळीला तुम्ही शंभर रुपये वाटाल आणि नेहमीसारखे खर्चाच्या खात्याला नावे टाकाल. ते शंभर आणि हे शंभर एकमेकांना खातील. नव्या वर्षावर खर्च पडणार नाही. वाटणाऱ्याला मागचं किती, आताचं किती, हे आठवत बसावं लागू नये म्हणून ही सोय. ही नोंद फक्त वह्यांतली आहे. माणसाचा हक्क तिने कमी होत नाही. कोणाचाही बोनस रद्द झालेला नाही."

शेवटचं वाक्य टाइप केलं आणि थांबलो. एकतीस मार्चची तरतूद मी मार्चच्या पगारपत्रकावरून केली होती. त्या पत्रकात तिचा नवरा नव्हता, तो डिसेंबरातच गेला होता. म्हणजे मी उलटवलेल्या रकमेत त्याचा रुपयाही नव्हता. उलट नोंदीने त्याचं काही गेलं नव्हतं, कारण त्याचं काही धरलेलंच नव्हतं.

मी साताऱ्याच्या पर्सोनेल ऑफिसरना फोन लावला. ते लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे.

"सुभेदार, आपल्या हिशेबनीसाचं सगळं देणं दिलं का?"

"दिलं की. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार. सगळं चोख."

"बोनस?"

"आवं सर, बोनस अजून जाहीर कुठं झालाय? आणि गेलेल्या माणसाचा बोनस कोण मागतंय?"

"त्याची बायको. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलीय."

खुर्ची करकरल्याचा आवाज आला. बहुधा पाठ फिरवून बसले असावेत.

"एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत काम केलंय त्याने," मी म्हणालो. "तेवढ्या पगारावर बसतो. वारसाला द्यायचा."

"बसतो, व्हय. ते खरंय." मग हळूच म्हणाले, "फौजेत माणूस गेला की त्याचं किट मोजून घरी धाडायचो आमी. बनियनसुदिक लिहून."

"मग हेही लिहून घ्या. दिवाळीच्या पत्रकात त्याचं नाव हवं."

"लिवतो. लय बोलू नका आता, ती ऐकतीय."

मी ते शेवटचं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं: "तुमच्या मिस्टरांची रक्कम तरतुदीत धरायची राहिली होती. मार्चच्या पत्रकावरून केल्यामुळे ती सुटली. हक्क गेलेला नाही. दिवाळीला वारस म्हणून तुम्हाला मिळेल. सुभेदारांशी बोललो आहे. उलट नोंद बरोबर आहे, ती बदलू नका." मेल पाठवला आणि डबा उघडला. जेवलो की नाही ते आठवत नाही.

तिचं उत्तर दुपारी आलं. "समजलं सर. दिरांना सांगते. नोंद बरोबर आहे."

बोनस दिवाळीच्या आधी वाटला गेला. मार्चला धरला होता त्याच दराने. वाटपाची नोंद तिने स्वतः टाकली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"सर, पैसे मिळाले. फी भरली काल."

"बरं झालं."

"बोनस खातं शून्य होत नाही पण. थोडी रक्कम नावे राहतेय."

"किती?"

तिने आकडा सांगितला. तो त्याच्याच बोनसचा होता, रुपयाला रुपया.

"कशाची ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "तरतुदीत नव्हती, म्हणून तिला खायला समोर काही नाही. ती या वर्षाच्या खर्चातच राहणार ना?"

"हो. राहू दे."

"ऑडिटर विचारतील. शेऱ्यात काय लिहू?"

"मागील वर्षाचा बोनस, तरतुदीत धरायचा राहिलेला."

पलीकडून टाइप करण्याचा आवाज आला. सावकाश, एका बोटाने.

"नाव लिहायचं का सर?"

"शेऱ्यात आपण नाव लिहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. "लिहिलं तसंच." आणि मग सप्टेंबरचा विक्रीकर कधी भरायचा ते विचारलं. मी तारीख सांगितली.