कानामागचं चंदन

गल्लीत तिला सगळे ‘थांबाताई’ म्हणत. पुढच्या खोलीत एक आरसा, एक मागे कलणारी खुर्ची आणि खिडकीत चार बरण्या, एवढंच तिचं पार्लर. कुणी घाईघाईत आलं की ही म्हणायची, “आधी कानामागे लावू, उद्या बघू. थांबा जरा.” पण स्वतः थांबाताईला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. केस कापता कापता कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाई ती.

त्या दिवशी तर तिच्या पायांना चाकंच लागली होती. भाचीचं लग्न चार दिवसांवर आलेलं आणि मोठ्या नणंदेने हुकूम सोडला होता: फोटोत कपाळ तेलकट दिसता कामा नये. चंदन आणि मुलतानी माती तुझी, गुलाबपाणी माझं, म्हणून एक देखणी बाटलीही दिली होती. त्याच गुलाबपाण्यात कालवलेल्या लेपाची वाटी थांबाताईने आदल्या दिवशीच पाठवली. निरोपही दिला होता, पोरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावा, काही मिनिटांनी धुवा आणि लक्ष ठेवा.

नणंद लेकीला घेऊन आली ती बाही सरसावूनच.

“हे बघ. डाग नाही की पुरळ नाही. चल, लाव आता.”

“वन्सं, हा तुमचा हात आहे.”

“मग? पोरगी कामावर गेलेली. माझ्याच पोटची ना ती? माझी कातडी तीच तिची!”

भाची ओठ दाबून हसली. थांबाताईला मात्र हसू येईना. तिने पोरीला उजेडात बसवलं. कपाळ आणि नाक चमकत होतं, पण गाल कोरडे, नाकाशेजारी गुलाबीसर.

“चेहरा किती वेळा धुतेस गं?”

“तेलकट वाटला की, मामी. साबणाने. मग गाल चुरचुरतात.”

म्हणजे वर तेल आणि खाली आग. तेल ओढून घेणारी माती या गालांवर वाळली असती, तर उरलासुरला ओलावाही गेला असता.

“आज लावणार नाही,” थांबाताई म्हणाली.

“घरच्यांनाही थांबा?” नणंदेचा आवाज चढला. “बाहेरच्या बायकांना नखरे दाखव. माझ्या भावाच्या घरात मलाच परीक्षा?”

थांबाताईने पोरीचे केस वर धरले. एका कानामागे साध्या पाण्यातलं चंदन लावलं, दुसऱ्या कानामागे तेच चंदन नणंदेच्या गुलाबपाण्यात. माती बाजूलाच ठेवली. वाळायच्या आत दोन्ही पुसून घेतलं आणि म्हणाली, “उद्या ये. साबण नको, खाजवू नकोस. आग झाली तर लगेच धू.”

नणंद चहा न घेता गेली. संध्याकाळी नवरा म्हणाला, “ताईला दुखावलंस. एवढ्याशा चंदनाने काय आभाळ कोसळणार होतं?”

तेच तर तिला खात होतं. काहीच झालं नाही तर? लग्नात सगळं सासर तिच्याकडे बघून कुजबुजणार. तिने बरण्या पुसल्या, खुर्ची इकडून तिकडे ओढली, पुन्हा जागेवर आणली. भाजीवाल्याशी बोलतानाही त्याच्या कानामागे डोळे गेले, तसा बिचारा गोंधळून टोपी नीट करू लागला. आणि एका क्षणी तिच्या लक्षात आलं, की आपण मनातून पोरीचा कान लाल व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलो आहोत. स्वतःचीच लाज वाटली. तरी इच्छा काही हटेना.

दुसऱ्या दिवशी भाची दारातूनच केस वर धरत आली. “मामी, इकडे रात्रभर खाज!”

साध्या पाण्याची बाजू स्वच्छ. गुलाबपाण्याची बाजू मात्र लालभडक, बारीक पुरळ आलेली. नणंद वाकून बघत राहिली. थांबाताईला हायसं वाटलं आणि लगेच ते हायसं वाटणं टोचलं. तिने थंड पाण्याची घडी कानामागे धरली.

“चंदन बिचारं निर्दोष आहे,” ती म्हणाली. “बाटलीत वरून अत्तर घातलंय, वास बघा किती उग्र. हे गालावर गेलं असतं तर...”

“मग माझ्या हाताला का नाही झालं?”

“तुमची कातडी, वन्सं, कुणाचंच ऐकत नाही.”

भाची खो खो हसली. नणंदेने रागवायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. थांबाताईने आणखी एक दिवस वाट पाहिली. साध्या पाण्याची बाजू तशीच राहिली, तेव्हा चंदन फक्त कपाळावर आणि नाकावर पातळ लावलं, वाळण्याआधीच धुतलं. गालांना हात लावला नाही.

लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत नणंद एका बाईला सांगत होती, “काहीही लावण्याआधी कानामागे लावून बघा हो. घाई कशाला?” थांबाताई शेजारीच होती. तिने मात्र ते धड ऐकलंही नाही. ती टाचा उंचावून नवरीचे गाल बघत होती.