उंदरांची मागणी आणि पितरांची पट्टी

द्रोणागिरीच्या आमच्या गोदामात उंदरांनी एका गिऱ्हाइकाचे बदाम खाल्ले आणि आळ माझ्यावर आला. मी पर्चेसमध्ये होते, आणि कंपनीत काहीही उशिरा आलं की ते पर्चेसनेच उशिरा आणलेलं असतं, असा अलिखित नियम आहे. उंदीर चिकटवायचे पुठ्ठे आणि फवारणीवाला, एवढीच मागणी गोदामाने गणपतीच्या आधी सिस्टिममध्ये टाकली होती. पुठ्ठे आले तेव्हा घट बसले होते. मधल्या काळात उंदरांनी संसार वाढवला.

"पर्चेस झोपा काढतंय," डायरेक्टर साहेब फोनवर कडाडले. "कुठे किती लटकलं, सोमवारच्या मीटिंगमध्ये दाखवा. मग बघतो."

या 'मग बघतो'चीच मला भीती होती. माझं प्रोबेशन संपलं होतं आणि मला कायम करण्याचं पत्र मंजुरीसाठी त्यांच्याकडेच होतं. जुईनगरला घरी आई रोज दार उघडताना आधी "आलं का?" विचारायची आणि मग मला आत घ्यायची.

काम तसं सोपं वाटलं. सिस्टिममध्ये प्रत्येक मागणीचा माग राहतो: कोणी, काय केलं, किती वाजता. गोदाम मॅनेजरने मागणी पाठवली. अकाउंट्सच्या मॅडमनी ती प्रश्न विचारून परत धाडली. मॅनेजरने उत्तर देऊन पुन्हा पाठवली. मॅडम मंजूर, जीएम मंजूर, डायरेक्टर मंजूर. शेवटी मी ऑर्डर काढली. हे सगळं मी एक्सेलमध्ये उतरवून घेतलं, दोन ओळींमधलं अंतर काढलं, रविवार आणि सुट्ट्या वगळल्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे आडवी पट्टी काढली. थोडा वेळ लागला तर हिरवी, फार लागला तर लाल. चित्र इतकं देखणं झालं की मी ते शुक्रवारीच सगळ्यांना मेल केलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो बहुधा पर्चेसमध्येच असावा.

दोन पट्ट्या लालभडक होत्या, एक अकाउंट्सच्या मॅडमची आणि एक जीएमची. डायरेक्टर साहेबांची पट्टी तर नखाएवढी होती. त्यांचं तत्काळ उत्तर आलं, 'व्हेरी गुड.' गोदाम मॅनेजरने अंगठा पाठवला.

जीएम मात्र स्वतः चालत माझ्या टेबलापाशी आले. जीएम चालत येतात तेव्हा शेजारचे लोक आपोआप पाणी प्यायला उठतात.

"मी गाडीत बसल्या बसल्या मंजूर केलं होतं," ते म्हणाले. "आलं तसं सोडलं. माझ्या नावावर हा पंधरवडा कुठून आला?"

मी एक्सेल उघडलं. त्यांच्यासमोर ओळीवर बोट ठेवलं आणि मला माझा घोळ दिसला. जीएमने मंजूर केल्यापासून डायरेक्टरने मंजूर करेपर्यंतचा वेळ मी जीएमच्या नावावर टाकला होता. पण जीएमने बटण दाबलं त्या क्षणी मागणी त्यांच्या हातातून सुटली होती, ती पुढच्याच्या दारात उभी होती. वाट बघायला लावणारा तो पुढचा. मी सगळ्यांचे उशीर एकेक घर वर सरकवून ठेवले होते. ज्यांनी लटकवलं ते धुतल्या तांदळासारखे, आणि ज्यांनी काम केलं ते लाल.

मी पट्ट्या पुन्हा काढल्या. जीएम हिरवे झाले आणि प्रसन्न होऊन गेले. मॅडमच्या लाल पट्टीचा मोठा तुकडा गोदाम मॅनेजरकडे गेला, कारण प्रश्न विचारून त्यांनी चेंडू त्याच्या अंगणात टाकला होता. प्रश्न होता, 'उंदीर अंदाजे किती?' त्याला उत्तर द्यायला एवढा वेळ का, म्हणून मी त्याला फोन लावला. तो उरणकडच्या गावचा.

"अगो, गनपती नव्हते का?" तो म्हणाला. "बाप्पा घरान बसलेला हाय नि मी त्याच्या गाडीला मारायची फाइल पुढं ढकलू? विसर्जन झाला, दुसऱ्या दिवशी पाठवली का नाय?"

"आणि किती उंदीर लिहिलेत?"

"लय."

खरंच, उत्तराच्या रकान्यात एवढंच होतं. मॅडमनी ते त्याच दिवशी मंजूर केलं होतं.

राहिली ती सगळ्यात लांब पट्टी. ती आता डायरेक्टर साहेबांच्या नावावर होती. पौर्णिमेला संध्याकाळी मागणी त्यांच्याकडे पोचली, आणि घटस्थापनेला सुटली. तारखा बघून मी कॅलेंडर काढलं आणि कपाळावर हात मारला. अख्खा पितृपक्ष. साहेब पितृपंधरवड्यात नवी खरेदी करत नाहीत, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. उंदरांना मात्र कोणी कळवलं नव्हतं.

पर्चेसमधले सीनियर काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "पहिलंच चित्र चांगलं होतं," ते हळूच म्हणाले. "आधी पत्र हातात घे, मग बरोबर कर."

मला राग आला. काकांचा आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त मला तो सल्ला पटला होता याचा आला. रविवार मी तळमळत काढला. पण चुकीचं चित्र ठेवायचं तर जीएम पुन्हा लाल होणार होते, आणि ते पुन्हा चालत आले असते.

सोमवारी बरोबर पट्ट्या प्रोजेक्टरने भिंतीवर लागल्या. साहेबांनी स्वतःची लाल पट्टी पाहिली. कोणी चहाला हात लावेना.

"हे शुक्रवारी नव्हतं," ते म्हणाले.

"शुक्रवारचं चुकलं होतं, सर. ज्याच्याकडे मागणी थांबली होती त्याच्या नावावर वेळ टाकायचा असतो. मी पाठवणाऱ्याच्या नावावर टाकला होता."

"पण तो पितृपक्ष होता."

"हो, सर."

त्यांनी विचार केला. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "मग ही पट्टी पितरांच्या नावावर टाक."

गोदाम मॅनेजरने लगेच मान डोलावली. "तशी माझीपन बाप्पाच्या नावावर टाका."

मॅडम कागदात तोंड लपवून हसत होत्या. आणि माझा तोल सुटला.

"सर, सिस्टिममध्ये पितरांचा लॉगिन नाही," मी म्हणाले. "आणि पितर कोणाचं अडवून धरत नाहीत. पिंडाला कावळा शिवला नाही तर आपण कावळ्याला जबाबदार धरत नाही. आपणच हात जोडून काहीतरी कबूल करतो, मग तो शिवतो."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोलले. नोकरी गेली, हे मी मनात आईला सांगूनही टाकलं.

साहेबांनी हळूहळू खरोखर हात जोडले, भिंतीवरच्या लाल पट्टीला.

"बरं. काय कबूल करू?"

"त्या पंधरा दिवसांत तुमच्या मंजुऱ्या सिस्टिममधून जीएम सरांकडे वळवून ठेवायच्या," मी म्हणाले. "म्हणजे खरेदी तुमच्या हातून होणार नाही, आणि अडणारही नाही."

"कबूल." त्यांनी हात सोडले नाहीत. "अजून काही राहिलंय? कावळा अजून लांब दिसतोय."

काकांनी टेबलाखालून मला पाय मारला. गप्प बस म्हणून की बोल म्हणून, ते आजही मला ठाऊक नाही.

"माझं पत्र राहिलंय, सर," मी म्हणाले.

साहेबांनी लॅपटॉप ओढला. भिंतीवर सगळ्यांसमोर त्यांची मंजुऱ्यांची यादी उघडली, आणि पत्र त्यात तळाशी होतं, पितृपक्षाच्याही आधीपासून. त्यांनी एकदा पत्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. या उशिराला पंचांगात काही कारण सापडतंय का, ते शोधत असावेत.

"ही पट्टी माझीच," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

मी बाहेर जिन्यात जाऊन आईला फोन लावला. "आलं," एवढंच म्हणाले आणि मला रडू आलं. पलीकडून आई विचारत होती, "अगं, पण एवढा उशीर कोणामुळे झाला?"