कोपऱ्यातली तीन अक्षरं

माझी ताई भाषांतरकार होती. एका कारखान्याची पत्रं, यंत्रं चालवायच्या सूचना, असलं रुक्ष काही ती जर्मन भाषेत करून द्यायची. तीस वर्षं त्याच खिडकीपाशी, त्याच खुर्चीत. लग्न केलं नाही. "एवढी लांबलचक वाक्यं सांभाळते, त्यात नवरा कुठे सांभाळू?" असं म्हणायची आणि आपणच खळखळून हसायची. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी ती फोनवर आधी विचारायची, "जेवलास का रे?"

त्या मंगळवारी सकाळी काम करता करताच तिला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईची वाचाच.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिने डावा हात कानाला लावला, मग मांडीवर बोटं नाचवली. मला कळायला अर्धा तास लागला.

"लॅपटॉप हवाय? काही ऐकायचंय?"

तिने डोळे मिटून मान डोलावली. मग पदर डोक्यावरून घेतल्यासारखं केलं. आई तसा घ्यायची. आईचा आवाज ताईने शेवटच्या वर्षी रेकॉर्ड करून ठेवला होता, हे मला ठाऊक होतं.

मी धावत घरी जाऊन लॅपटॉप आणला. पासवर्ड तिच्या डायरीत पहिल्याच पानावर होता. आम्ही भांडायला लागलो की आई म्हणायची ते 'चूप बस', इंग्रजी अक्षरांत, मध्ये @, शेवटी सात. वाचून मला हसू आलं. जपून टाइप केला. पासवर्ड चुकीचा. पुन्हा केला. कॅपिटल अक्षरं तपासली. चुकीचा.

ताई घशातून आवाज काढायला लागली. तिचं बोट पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे थरथरत जात होतं. तिथे लॅपटॉप बंद करायचं बटण होतं.

"बंद करू? दमलीस?"

ती जोरजोरात मान हलवत होती. हो की नाही, मला धड कळेना. मी बंद केला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, थकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेच बोट, तोच कोपरा. पाच-सहा वेळा चुकल्यावर माझा तोल गेला.

"ताई, तू पासवर्ड बदललास आणि विसरलीस! आता मी काय करू?"

माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. ताईने हात खाली घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर तिने काही मागितलं नाही. शुक्रवारी दुपारी ती गेली.

महिनाभराने कारखान्याने अर्धवट राहिलेलं काम मागितलं, म्हणून लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारीण चाळिशीची, मोजकं बोलणारी. मी सांगितलेला पासवर्ड तिने टाइप केला आणि शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर दाबून धरलं. ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसली. सगळं बरोबर होतं. फक्त @ च्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह आलं होतं.

"कीबोर्ड जर्मनवर आहे," ती म्हणाली. "बटणांवर छापलंय इंग्रजी, पण शिफ्ट आणि दोन दाबलं की जर्मनमध्ये हे चिन्ह येतं. तुम्हाला नुसते ठिपके दिसणार, कळणार कसं? दिवसभर जर्मनमध्ये काम करत असतील ना? मग त्या आधी इथून भाषा बदलत असणार."

तिने खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बंद करायच्या बटणाच्या ओळीतच तीन बारीक अक्षरं होती: DEU, म्हणजे जर्मन. तिथे दाबून तिने इंग्रजी निवडलं, पासवर्ड पुन्हा टाइप केला आणि लॅपटॉप उघडला.

मी स्टुलावर बसलो. ती घाबरली. "काका, बरं वाटतंय ना? पाणी देऊ?"

"ती मला दाखवत होती," एवढंच मला म्हणता आलं.

घरी येऊन आईच्या आवाजाची ती फाइल लावली. आई कुठलंसं जुनं गाणं भलत्याच सुरात म्हणत होती, मध्येच ओळ विसरत होती. आणि तिला ओळ सांगणारा दुसरा आवाज ताईचा होता. ठणठणीत, हसरा, एकही शब्द न अडखळणारा. तोही त्यात असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चौथ्या मिनिटाला मी ते थांबवलं. पुढची अकरा मिनिटं अजून ऐकलेली नाहीत.