बंद केलेली खिडकी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. घरात गिझरचा विषय निघाला की मी पेपर उघडायचो. आता सत्तरी ओलांडली, तेव्हा खरं काय ते लिहून ठेवतो.

चाकणच्या एका कंपनीत मी आणि माझा एक सोबती, आम्ही दोघं मेंटेनन्सला होतो. एकदा मशीनच्या गार्डचे बोल्ट मी हातानेच पिळले आणि तक्त्यात लिहिलं, पान्याने आवळले. त्याने तपासलं आणि साहेबांसमोर सांगितलं, "हे बोल्ट ढिले आहेत." माझी बदली स्टोअरच्या खिडकीवर झाली, ती रिटायर होईपर्यंत. तो खरं बोलला होता, आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. त्याला एकदा चारचौघांत खाली पाहायला लावायचं, हे मी मनात धरून ठेवलं.

रिटायर झाल्यावर तो चाकणजवळच्या कुरुळीत नळ-गिझरची कामं करू लागला. हात चोख. गल्लीत कुणाचंही काम असलं की लोक म्हणत, "त्यालाच बोलवा." मी त्याच गल्लीत भाड्याने राहायचो. आमची घरमालकीण गावची जुनी माणूस, सगळे तिला मावशी म्हणत. तिने सुनेसाठी पंचवीस लिटरचा गिझर आणला आणि बसवायला अर्थातच त्याला बोलावलं.

मावशीच्या मोरीची एक भिंत मला चांगली ठाऊक होती. तिथे पूर्वी खिडकी होती. शेजारच्याने अगदी खेटून घर बांधलं, तेव्हा शिफ्ट संपल्यावर ती मीच बुजवली होती. एकेरी विटा, म्हणजे जेमतेम साडेचार इंच, सिमेंट कमी आणि वाळू जास्त, जुन्या भिंतीत विटा अडकवणारे दातेही न घालता. वरून प्लास्टर केल्यावर कुणाला काय कळणार!

त्याने भिंतीवर बोटाच्या पेरांनी वाजवलं आणि माझ्याकडे वळला.

"राव, तुम्ही इथलेच ना? भिंत नऊ इंची आहे का?"

"पक्की नऊ इंची," मी म्हणालो.

त्याने पेन्सिलीने खुणा केल्या, ड्रिल लावलं. एक भोक भसकन आत गेलं. तो थांबला. "इथं मऊ लागतंय."

"सांधा लागला असंल. जरा सरकून विटेत घ्या."

त्याने माझं ऐकलं. विटेच्या पोटात भोक घेतलं, चुरा फुंकून काढला, बोल्ट ठोकून आवळले. बोल्ट अगदी घट्ट बसले. मी दारात उभा राहून मजा बघत होतो. पाण्याने भरल्यावर त्या गिझरचं ओझं एका वाढत्या पोराएवढं होतं. ते पेलणार होती ती माझी वाळूची भिंत, हे मला माहीत होतं. मला वाटलं होतं, एक-दोन दिवसांत भिंतीला भेग दिसेल, मावशी बोलेल, त्याचं तोंड उतरेल, एवढंच.

आठव्या दिवशी सकाळी गिझर विटांसकट खाली आला. पाइप तुटला आणि मावशीच्या सुनेच्या पायावर गरम पाणी पडलं. मोठमोठे फोड आले.

"आवो, तीस वर्सं कंपनीत नट पिळले म्हनं!" मावशी गल्लीभर ओरडत होती. "पोरीचा पाय भाजला माझ्या! आता कुनाच्या घरात पाय न्हाई ठेवायचा तुमी."

तो खाली बसला आणि पडलेली वीट उचलली. बोल्ट विटेला तसाच घट्ट धरून होता. विटेला चिकटलेली वाळू त्याने अंगठ्याने चोळली, ती भुरभुर सांडली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुसरा गिझर मावशीने माझ्याकडून बसवून घेतला. मोरीचीच बाजूची, खरीच नऊ इंची भिंत मी निवडली. दोन्ही भोकं भरीव विटेत घेतली, सांधा टाळला. बोल्ट आवळून गिझर टांगायच्या नुसत्या पट्टीला दोन्ही हातांनी लटकून पाहिलं. वर छतापासून वीतभर, खाली कॉइल बाहेर ओढता येईल इतकी हातभर जागा सोडली, सेफ्टी व्हॉल्व्हची नळी मोरीच्या जाळीकडे वळवली, आणि टाकी भरून नळाला धार लागल्यावरच बटण दाबलं. गल्लीतले म्हणाले, "भाऊ, तुम्हीच खरे कारागीर." त्याला मात्र कुणी पुन्हा बोलावलं नाही. वर्षभरात तो मुलाकडे सांगवीला निघून गेला.

दोन वर्षांपूर्वी मी तिकडे गेलो. रिक्षात एक वाक्य घोकत होतो. त्याने स्वतः चहा केला.

"मावशीचा गिझर टिकला ना?" त्याने विचारलं.

"पक्का," मी म्हणालो. चहा संपवला आणि उठलो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तो गेल्याचा फोन आला. घोकलेलं वाक्य एवढंच होतं: भावा, ती भिंत मी बुजवली होती, मला माहीत होतं, तुझा बोल्ट चुकला नव्हता, मला माफ कर.