एकच फोटो उरला

दीपमाला आशाताई म्हणून कवठे महांकाळ तालुक्यातल्या त्या वाडीत अकरा वर्षं काम करत होती. कुणाच्या घरात कुणाला साखरेचा आजार आहे, कोण गोळ्या घेत नाही, सगळं तिला तोंडपाठ. मेंढपाळाची म्हातारी बनुबाई तिची खास. तिच्या पायाच्या बोटाला काटा लागून जखम झाली होती आणि साखरेमुळे ती भरत नव्हती.

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "एक दिवसाआड पट्टी बदलताना फोटो काढ. तेवढ्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. जखम वाढते की आटते, ते मला एकापुढे एक फोटो बघूनच कळेल. आजींना दर वेळी इकडं आणायला नको."

दीपमालाने तसंच केलं. फोटो दवाखान्याच्या ॲपमध्ये जोडायचे आणि गुरुवारी आरोग्य केंद्रावर बैठकीला गेलं की तिथल्या वायफायवर ते आपोआप जायचे. तिचा रोजचा डेटा दुपारपर्यंतच संपायचा, म्हणून 'फक्त वायफायवर पाठवा' हे तिनेच निवडलं होतं. पहिल्या गुरुवारची बैठक रद्द झाली. फोटो साठत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी सातवा फोटो काढला आणि फोन अडून बसला. जागा शिल्लक नाही. बोटाचा रंग त्या दिवशी जरा काळपट वाटला होता, पण दार पुढं केलं होतं, उजेड कमी होता. घरी येऊन तिने सफाईचं एक ॲप घेतलं. ते विचारत गेलं, ती 'हो' म्हणत गेली. एकसारखे फोटो काढून टाकू? हो. कचरापेटीही रिकामी करू? हो. फोन हलका झाला म्हणून तिला बरंच वाटलं.

गुरुवारी केंद्रावर वायफाय लागलं आणि ॲपमध्ये सात ओळी उमटल्या. सहांपुढे 'फाइल सापडली नाही'. एकच गेला, त्यावर तारीख पडली गुरुवारची.

मग तिला उमगलं. दवाखान्याच्या ॲपने फोटो स्वतःकडे घेतलेच नव्हते. फोटो कुठे ठेवलाय एवढीच खूण त्याच्याकडे होती. आणि सफाईवाल्याला कोणता फोटो अजून पाठवायचाय हे कळायला मार्ग नव्हता. तोच पाय, तीच मोजपट्टी, तेच अंतर. त्याच्या लेखी सातही फोटो एकच. सगळ्यात स्पष्ट तेवढा ठेवून बाकीचे त्याने काढून टाकले. स्पष्ट होता पहिल्या दिवसाचा, अंगणातल्या उन्हातला.

अर्ध्या तासात डॉक्टरबाईंचं उत्तर आलं. 'जखम ठीक दिसतेय. हेच चालू ठेवा.'

दीपमालाने ते दोनदा वाचलं. 'मॅडम, हा फोटो तेरा दिवसांपूर्वीचा आहे,' एवढंच लिहायचं होतं. तिने लिहायला घेतलं आणि पुसलं. फोटो हरवले म्हणून सगळ्यांसमोर बोलणी बसतील. उद्या पट्टी बदलताना नवा काढू आणि तोच पाठवू.

शुक्रवारी लसीकरणाचं सत्र सहापर्यंत लांबलं, पट्टी राहून गेली. शनिवारी सकाळी पट्टी सोडली, तर बोट टोकापासून मुळापर्यंत काळं.

बनुबाईच्या मुलाने, गुंडाने, जीप आणली. सांगलीत त्याच संध्याकाळी बोट काढावं लागलं.

"फोटोत तर ठीक होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दीपमालाने सगळं सांगितलं. पुसलेला मेसेजही.

त्यांनी विचारलं, "आधी तू जखमेचं माप वहीत लिहायचीस ना?"

"फोटो काढायला लागल्यावर बंद केलं, मॅडम."

"गुरुवारी कळवलं असतंस, तर मी त्याच दिवशी बोलावलं असतं. बोट वाचलं असतं असं मी म्हणत नाही. वाचलं नसतं असंही म्हणता येत नाही."

दीपमालाला वाटलं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी ती बनुबाईच्या खाटेशी बसली. गुंडा चहा आणायला गेला होता.

"आज्जी, बोट माझ्यामुळं गेलं असंल."

"काटा काय तू टोचलास व्हय गं?"

मग दीपमालाने तिला समजेल असं सगळं सांगितलं. म्हातारी डोळे बारीक करून ऐकत राहिली.

"म्हंजे त्या डबड्याला माझं सगळं फोटू एकच वाटलं? आगं, आमच्या तीनशे मेंढरांत मला एक मेंढरू दुसऱ्यागत दिसत न्हाई. अन् त्याला बरा पाय अन् नासका पाय सारखाच?"

"त्याला कळत न्हाई, आज्जी."

"त्याला न्हाई कळत." बनुबाईने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला कळलं हुतं की. बेस्तरवारी, फोटू गेला तवाच."

गुंडा चहा घेऊन दारात आला.

"गुंडा, हिकडं बस," म्हातारी म्हणाली. "ही पोरगी काय सांगतीया ते ऐक. सांग गं, पहिल्यापासनं सांग. तुझ्या जागी मी सांगायची न्हाई."

गुंडाने कप खाली ठेवले. दीपमाला फोन भरला त्या बुधवारपासून सांगू लागली.