कव्हरवालीचा निळा कुत्रा

मोबाइलच्या बाजारात मी उभं आयुष्य हमाली केली. आता ओझं उचलत नाही, पण सकाळी तिथेच जाऊन बसतो. माझ्या स्टुलाशेजारी एक बाई कव्हरं विकते. सगळे तिला कव्हरवाली म्हणतात, मी ताई म्हणतो. नवरा गेल्यावर तिने मोबाइलच्या कव्हरवर चित्र छापायचं गरम प्रेसचं यंत्र घेतलं. उन्हाळ्यातही त्या तव्यासारख्या यंत्रासमोर उभी राहते. कव्हर कोमट असताना चित्र तपासते, रंग जरा फिका वाटला तर बाजूला टाकते. फुकट गेलं तरी चालेल, खराब विकणार नाही.

तिच्या टेबलाखाली एक कुत्रा झोपायचा, एक कान मोडलेला. तिने त्याचं चित्र काढलं. निळ्या रंगाचा, गळ्यात फडकं, डोळ्यांत झोप. लोक थांबून विचारायचे, हा कोणत्या कार्टूनमधला? ती सांगायची, माझ्या टेबलाखालचा. लोक हसायचे आणि पुढे जायचे. एकीने तर स्पष्टच विचारलं, म्हणजे ओरिजिनल नाही?

इथेच तिचं चुकलं. ठोक व्यापाऱ्याकडे चमकणाऱ्या चांदणीचे स्टिकर रोलने मिळतात. तो म्हणाला, ताई, हे लावा, गिऱ्हाईक गप्प बसतं. तिने प्रत्येक कव्हरवर कोपऱ्यात, शेपटीच्या टोकावर चांदणी चिकटवली. आणि खरंच माल खपू लागला. शाळा उघडायच्या आधी तिने पोतंभर कव्हरं छापली. वर्षाचं भाडं त्यातून निघणार होतं.

मग एका कंपनीचा तपासनीस पोलीस शिपायाला घेऊन आला. त्या कंपनीच्या मालिकेत लांडग्याचं निळं पिल्लू आहे, आणि त्याचं चित्र छापायला परवाना लागतो. तपासनिसाने तिच्या कव्हरांवर नुसती नजर टाकली आणि शिपायाने पोतं बांधायला घेतलं. मी मध्ये पडलो. म्हणालो, साहेब, आधी बघा तरी.

त्याने बघितलं, हे मान्य करतो. खिशातून आपला नमुन्याचा कागद काढून एकेक गोष्ट ताडून पाहिली. त्यांच्या पिल्लाचे कान टोकदार आणि ताठ, रेषा सगळीकडे सारख्या जाडीची, पंजाला चार बोटं, छातीवर पांढरा डाग. खऱ्या मालावर बारीक अक्षरांत गोलातला इंग्रजी सी, म्हणजे हक्काची खूण, वर्ष आणि मालकाचं नाव असतं. ताईच्या कुत्र्याची रेषा कुठे जाड, कुठे बारीक, हाताने काढल्याची. कान मोडलेला. गोलातला सी कुठेच नाही.

"चित्र आमचं नाही," तो म्हणाला.

"मग पोतं सोडा," ताई म्हणाली.

"नुसतं चित्र असतं तर मी बोललोही नसतो. स्वतःच्या चित्रावर काही खूण असायलाच हवी असं नाही. पण ही चांदणी आमची आहे."

त्याने खऱ्या परवान्याच्या मालावरचं स्टिकर दाखवलं. तशीच चांदणी. फक्त खऱ्याच्या आत, हलवलं की दिसणारा क्रमांक होता. रोलवरची नुसतीच चमकत होती. ताईने आपली अस्सल वस्तू खरी वाटावी म्हणून नकली खूण लावली होती.

 मग तिने रोल कुठून घेतला ते सांगितलं. तपासनीस म्हणाला, तिकडेही जाऊ. पण रोल विकणारा तो ठोक व्यापारी शटर ओढून केव्हाच पसार झाला होता. शिपायाला त्याचं काही वाटलं नाही. बाईचं पोतं मात्र हाताशी होतं.

शेवटी ठरलं, सगळ्या चांदण्या इथेच काढून द्यायच्या, मग माल तिचा. आम्ही दोघं खाली बसलो. नखाने, पट्टीने, ओल्या फडक्याने खरवडलं. स्वस्त कव्हर, वरचा लेप पातळ. गोंद चिवट. चांदणीबरोबर शेपटीचं टोक निघत होतं. काही वाचली, बरीच गेली. पाठीवर पोती वाहिली तेव्हा पाठ दुखली नाही तेवढी त्या दिवशी बोटं दुखली. तपासनीस वर उभा राहून चांदण्या पिशवीत भरत होता. त्याचं काम त्याने चोख केलं, आणि तरी मला त्याचा राग आला. आजही येतो.

शेपूट तुटलेली कव्हरं ताईने टेबलावर मांडली नाहीत. मी म्हटलं, अगं, अर्ध्या भावात दे. ती म्हणाली, "दादा, माझा कुत्रा शेपटीशिवाय नाही विकायचा." नवीन छापायला लागली. आता कोपऱ्यात स्वतःची सही करते, बारीक, वर्षासकट.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली, मुलीसाठी. कव्हर उलटंपालटं केलं.

"यावर ते चमकणारं असायचं ना?"

"नाही. हे मीच काढलंय. ही माझी सही."

"म्हणजे ओरिजिनल नाही," ती बाई म्हणाली, आणि पलीकडच्या दुकानात गेली. तिथे ताठ कानांचं निळं पिल्लू टांगलं होतं. गोलातला सी नव्हता, नाव नव्हतं, पंजाला बोटं पाच. चांदणी मात्र होती, चांगली मोठी.