श्रुतिकाचा सोमवारचा भाव

आमची नात श्रुतिका बोरिवलीच्या घरातून गोधड्या परदेशी विकते. शिवते सुंदराबाई, समोरच्या इमारतीतली. गॅलरीत गोधड्या उन्हाला टाकल्या की मी त्यांच्या सावलीत बसतो आणि अर्धवट झोपेत मला लांबची घरं दिसतात. तिकडे बर्फ पडतोय, आणि सुंदराबाईच्या टाक्यांखाली कोणी पोर झोपलंय. मी चौथी शिकलेला गिरणी कामगार, पण झोपेत मी पार जपानला जाऊन येतो.

गोधडी तीन हजारांची, खर्च सत्तावीसशे. साइटवर भाव डॉलर, पौंड आणि येनमध्ये दिसे. दर बदलायचा फक्त सोमवारी, आणि मधे चलन हललं तर म्हणून तीन टक्के जास्त धरलेले. पुढे ती आकडा गोल करी. डॉलर-पौंडात सुटे सेंट नि पेनी सोडे, येनात मात्र पाचशेच्या पटीत खाली उतरवी. ही खोड माझी. गावच्या दुकानात माझे वडील वरची चिल्लर सोडायचे, ते मी तिला लहानपणी शंभरदा सांगितलेलं.

त्या सोमवारी येन सत्तावन्न पैशांना होता. हिशेब आला पाच हजार चारशे एकवीस येन, भाव लागला पाच हजार. बुधवारी येन पंचावन्न पैशांच्याही खाली घसरला. शुक्रवारी क्योटोच्या एका दुकानाने दहा गोधड्या त्याच भावात घेतल्या.

पैसे जमा झाले तेव्हा श्रुतिकाने लॅपटॉपवर हिशेब मांडला. "आबा, दहा गोधड्यांत साडेतीनशे रुपये सुटले."

"एकेकीत?"

"सगळ्यांत मिळून. येन घसरायच्या आधीच मी ते तीन टक्के खाली उतरवून घालवले होते. आता सुंदरामावशीची मजुरी कमी करू, की धंदा बंद करू?"

सुंदराबाई दारातच होती, हातात सुई. "माझी कापायचीय तर आधी ह्या म्हाताऱ्याचा चहा काप," ती म्हणाली. "पाचशेनं खाली कशाला येतेस गं? वर जा ना. परदेशातलं माणूस शंभराला काय रडणाराय."

मी हसलो, पण श्रुतिका हसली नाही. ती बटणं दाबत बसली. दर आता रोज पहाटे बदलेल, दर तासाला नको, कारण गिऱ्हाईक भाव बघून विचार करेपर्यंत आकडा हलला तर ते परत येत नाही. जास्तीचे टक्के पाच. आणि येन नेहमी पुढच्या शंभरावर. आकडा आला पाच हजार आठशे.

आठ दिवस कोणी फिरकलं नाही. श्रुतिका जेवताना फोन उलटा ठेवी. मी उन्हात डोळे मिटून त्या बर्फातल्या घरांकडे जाऊन यायचो, तिथे कोणी आपली आठवण काढतंय का बघायला.

नवव्या दिवशी क्योटोहून सहा गोधड्यांची ऑर्डर आली, नव्या भावात. श्रुतिकाने सुंदराबाईला पूर्वीचीच मजुरी आगाऊ दिली. तिने नोटा न मोजता कनवटीला लावल्या आणि निळा कपडा पसरला.